रेकमेंडेशन लेटर कसं लिहायचं: आमच्या स्टोअरमधल्या एका मुलीचं पत्र तयार झालं त्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक फिटर नोकरी सोडून हालोलच्या एका कारखान्यात चालला होता. जाताना त्यानं पत्र मागितलं आणि मी दहा मिनिटांत लिहून दिलं, मेहनती आहे, प्रामाणिक आहे, सगळ्यांशी मिळूनमिसळून राहतो, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. आठवड्याभरात तिकडून फोन आला. पलीकडचे गृहस्थ अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, पत्रात प्रामाणिक लिहिलंय, एखादा प्रसंग सांगाल का?" आणि मला काही सांगता येईना. मुलगा खरंच प्रामाणिक होता, दोनदा त्यानं स्वतःहून येऊन सांगितलं होतं की मॅडम हा पीस माझ्या हातून बिघडला, पण ते मला आठवलं फोन ठेवल्यावर तासाभरानं. पत्र लिहिताना आठवायला हवं होतं.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत पंपाचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये प्लॅनिंग, स्टोअर आणि डिस्पॅच बघते. त्या फोननंतर मी पत्रं लिहायची पद्धतच बदलली. नवीन सुपरवायझर, मॅनेजर झालेल्यांना पहिल्यांदा असं पत्र लिहायची वेळ आली की गडबडायला होतं, म्हणून मागच्या वर्षी स्टोअरमधल्या एका मुलीसाठी लिहिलेलं पत्र कसं तयार झालं ते पहिल्यापासून सांगते. ती 2021 च्या जूनमध्ये स्टोअर असिस्टंट म्हणून आली, 2025 च्या मे महिन्यात सोडून गेली, चाकणला एका कंपनीत स्टोअर इनचार्जच्या जागेसाठी तिची मुलाखत होती.

सगळ्यात आधी कोणता कागद मागतायत ते नीट समजून घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स लेटर हे एचआर देतं, त्यात जॉइन झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा एवढंच असतं आणि तेवढंच असावं. रेकमेंडेशन लेटर वेगळं, ते तुम्ही स्वतः, ज्याच्या हाताखाली त्या माणसानं काम केलं तो, स्वतःच्या डोळ्यांनी जे बघितलं ते सांगता. पुष्कळ वेळा माणसाला हवं असतं एक्सपिरियन्स लेटर आणि तो शब्द वापरतो रेकमेंडेशन, म्हणून विचारूनच घ्या. दुसरं म्हणजे लेटरहेडवर लिहायची परवानगी आहे का ते एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्यांमध्ये नियम असतो की कंपनीच्या नावानं फक्त तारखा आणि हुद्दा कळवायचा, बाकी काही नाही, तसं असेल तर साध्या कागदावर, स्वतःच्या नावानं, हे माझं वैयक्तिक मत आहे असं स्पष्ट लिहून देता येतं का तेही तिथंच विचारून घ्या. न विचारता लेटरहेड वापरलं आणि नंतर एचआरनं फोनवर सांगितलं की आम्ही असं पत्र दिलेलंच नाही, तर तुमच्यापेक्षा जास्त नुकसान त्या माणसाचं होतं.

आणि मनापासून शिफारस करता येत नसेल तर तेव्हाच सांगा. "तुझं काम मी फार जवळून बघितलेलं नाही, तू पाटीलसाहेबांकडे तीन वर्षं होतास, त्यांच्याकडून घे, ते जास्त उपयोगी पडेल" असं म्हणता येतं, यात कोणाचा अपमान नाही. कोमट पत्र देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण वाचणाऱ्याला कोमटपणा लगेच कळतो. "वेळेवर येते, नीटनेटकी असते" एवढीच स्तुती असलेलं पत्र वाचून समोरचा काय समजेल, की कामाबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.

एक सवय मात्र मी पूर्णपणे सोडली आणि तुम्हीही सोडा, ती म्हणजे "तूच लिहून आण, मी सही करते". वेळ वाचतो हे खरं, पण कोणीही स्वतःबद्दल लिहायला बसलं की एकतर लाजून अगदी फिकं लिहितं नाहीतर नेटवरून उचलतं, आणि मग त्याच्या अर्जातली भाषा आणि तुमच्या पत्रातली भाषा एकाच हातची दिसते. शिवाय तुम्ही काय बघितलंत हे त्याला माहितच नसतं, आणि पत्राची खरी किंमत तिथंच असते.

त्याऐवजी मी तिला दुपारी जेवण झाल्यावर बसवलं, अर्धा तास. आधी नवीन जागेची जाहिरात मागून घेतली. त्यात दोन गोष्टी ठळक होत्या, स्टॉकचा हिशेब बरोबर ठेवणं आणि हाताखालच्या सहा माणसांकडून काम करून घेणं. म्हणजे पत्रातही तेवढ्याच दोन गोष्टींना जागा द्यायची हे तिथंच ठरलं. ती टॅली छान चालवते, तिचं अक्षर सुंदर आहे, दिवाळीला ऑफिसमध्ये रांगोळी तीच काढायची, हे सगळं खरं आहे आणि मला त्याचं कौतुकही आहे पण या पत्रात त्याचं काम नाही.

मग विचारलं, "तू आल्यावर स्टोअरमध्ये काय बदललं असं तुला वाटतं?" ती म्हणाली, "काही नाही ताई, मी फक्त मोजत राहिले." कारखान्यात सगळ्यांसमोर ती मला मॅडम म्हणायची, आम्ही दोघीच असलो की ताई. या "फक्त मोजत राहिले" वर मी थांबले आणि खोदून विचारलं. तेव्हा नीट कळलं ते असं, की ती आली तेव्हा रात्रपाळीचे लोक स्लिप न लिहिता माल उचलायचे, सकाळी बेअरिंग कमी, ऑइल सील कमी, टॅलीत मात्र सगळं जागेवर. तिनं खिडकीशीच कार्बन लावलेलं स्लिपबुक दोरीनं बांधून ठेवलं म्हणजे शोधायला नको, आणि रोज सकाळी चहाच्या आधी 10 आयटम स्वतः मोजून बिन कार्डाशी, म्हणजे रॅकवर लटकवलेल्या त्या नोंदीच्या कार्डाशी ताडून बघायला लागली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

यानंतरची पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. तिनं सांगितलेलं, मला आठवणारं, यातलं काहीही तसंच्या तसं लिहायचं नाही, रजिस्टर काढायचं. मला आठवत होतं की स्टॉकमधला फरक "जवळजवळ संपला". मार्चच्या स्टॉक टेकिंगच्या शीट काढल्या तर आकडे असे निघाले: 2022 च्या मार्चमध्ये 412 आयटमपैकी 61 चा मेळ बसत नव्हता, 2023 मध्ये 33 चा, आणि 2025 मध्ये 430 पैकी 14 चा. म्हणजे संपला नव्हता, खूप कमी झाला होता. "संपला" लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि ज्यानं आयुष्यात एकदा जरी स्टोअर चालवलंय त्याला फरक शून्य होत नाही हे ठाऊक असतं, त्यानं तिथंच पत्र बाजूला ठेवलं असतं.

आणखी एक अडचण होती. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही बारकोड स्कॅनर घेतला. मग फरक कमी झाला तो तिच्यामुळे की स्कॅनरमुळे? असा प्रश्न जवळजवळ प्रत्येक चांगल्या आकड्यामागे असतो, टीमनं केलेलं एकाच्या नावावर जातं, मशीननं केलेलं माणसाच्या नावावर जातं. इथं तारखांनी उत्तर दिलं, 61 वरून 33 वर आलो ते स्कॅनर यायच्या आधी, फक्त स्लिपबुक आणि रोजची मोजणी यांच्या जोरावर. त्यानंतरचं कमी होणं दोन्हींमुळे. पत्रात मी हे असंच लिहिलं, स्कॅनरचं नाव घेऊन. आमच्या अकाउंटवाल्या काकांनी ड्राफ्ट वाचून विचारलं, "तिचं श्रेय कशाला कमी करतेस?" पण कमी होत नाही, उलट वाचणाऱ्याच्या मनात जी शंका येणारच होती तिला आपण आधीच उत्तर देतो, आणि मग बाकीच्या वाक्यांवरही त्याचा विश्वास बसतो.

आकडे देताना एक पथ्य पाळा. स्टॉक किती रुपयांचा, माल कोणत्या कस्टमरचा, रेट काय, यातलं काही पत्रात येता कामा नये, ती कंपनीची माहिती आहे. आयटमची संख्या चालते, टक्के चालतात, आणि तेही वरच्यांना एकदा दाखवून घ्या.

दुसरा प्रसंग निवडताना मी स्वतः चुकत होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, पाणी 35 फुटांच्या वर गेलं, अर्धं शहर पाण्यात होतं हे बडोद्यातल्या कोणाला सांगायला नको. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये होतं, "पुराच्या दिवसांतही जिवाची पर्वा न करता कामावर हजर झाली". वाचताना डोळे भरून येतील असं वाक्य. पण रात्री परत वाचलं आणि वाटलं, यातून चाकणच्या माणसाला काय कळणार? की ही मुलगी पाण्यातून चालत येते? आणि कुठल्या चांगल्या मॅनेजरनं तिला पाण्यातून यायला लावावं? मग मी आठवायला लागले की तिनं त्या आठवड्यात नेमकं केलं काय. जन्माष्टमी सोमवारी होती, त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी पावसाचा अंदाज बघून तिनं दोन हेल्परना थांबवून खालच्या रॅकवरची बेअरिंग आणि खोक्यातले सील वरच्या रॅकवर हलवले होते, मला मेसेज टाकून कळवलं होतं, मी फक्त ठीक आहे म्हटलं होतं. पाणी ओसरल्यावर शेड उघडली तर खालच्या रॅकपर्यंत पाणी येऊन गेलेलं. आणि दुसऱ्याच दिवशी तिनं एका कागदावर दोन रकाने करून दिले, कोणत्या ऑर्डर आहे त्या मालात जाऊ शकतात आणि कोणत्या नाही, त्यावरून मी कस्टमरना खरं काय ते सांगू शकले. ही गोष्ट पत्रात गेली, जिवाची पर्वा वालं वाक्य काढून टाकलं. म्हणजे बघा, प्रसंग तोच, पण त्यातला त्याग नाही, निर्णय लिहायचा. आधी काय परिस्थिती होती, तिनं काय ठरवलं, मग काय झालं, एवढं तीन-चार वाक्यांत आलं की पुरे.

आता एक गोष्ट जी मला फार मनापासून सांगायची आहे, बायकांच्या पत्रांबद्दल. माझ्या त्याच ड्राफ्टमध्ये होतं, "घरची जबाबदारी सांभाळून कामात कधी कमी पडली नाही, अतिशय शांत आणि मनमिळाऊ". आपण कौतुकानंच लिहितो, पण कुठल्या पुरुषाच्या पत्रात आपण घरची जबाबदारी लिहितो का? नाही लिहीत. 2003 मध्ये ट्रिक्स आणि सेंका या दोन संशोधक बायकांनी एका मोठ्या अमेरिकन मेडिकल स्कूलकडे आलेल्या 300 हून जास्त शिफारसपत्रांचा अभ्यास छापला, त्यात बायकांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीनं लहान निघाली आणि शंका उत्पन्न करणारी वाक्यं त्यांच्यात जास्त सापडली. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही असेल असं नाही, हात आपोआप तिकडे वळतो. म्हणून मी आता सरळ चाचणी करते, पत्रातलं नाव बदलून पुरुषाचं टाकते आणि वाचते, जे वाक्य विचित्र वाटेल ते काढते. लग्न, मुलं, नवऱ्याची बदली, तब्येत, जात, पगार यातलं काहीच पत्रात नको, ती नोकरी का सोडतेय हेसुद्धा नको, सांगायचं असेल तर ती सांगेल.

मग येते कमतरता. लिहायची की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत, एक लिहावी, खरी लिहावी, आणि अशी जिच्यावर त्या माणसानं काम केलंय. "जरा जास्तच मेहनत करते" ही कमतरता नाही, ते वाचणाऱ्याला फसवणं झालं. आमच्या मुलीचं असं होतं की पहिली दोन वर्षं ती सगळं स्वतःच करायची, हेल्परला सांगण्यापेक्षा स्वतः उचलायची, त्यामुळे ती सुट्टीवर गेली की स्टोअर अडायचं. शेवटच्या वर्षी तिनं दोन हेल्परना मोजणी शिकवली आणि मार्चचं स्टॉक टेकिंग त्यांनी केलं, तिनं नुसतं तपासलं. चाकणला सहा माणसं हाताखाली असणार, तेव्हा त्यांना हे कळणं गरजेचंच होतं. पण हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "लिहा ताई, खरंय ते." तिनं नको म्हटलं असतं तर मी लिहिलं नसतं, कारण पत्र शेवटी तिच्या कामासाठी आहे.

पत्र प्रत्यक्षात इंग्रजीत गेलं, पण मजकूर मराठीत साधारण असा होता:

"मी या कंपनीत प्लॅनिंग, स्टोअर आणि डिस्पॅच विभागाची प्रमुख आहे. जून 2021 ते मे 2025 या काळात त्यांनी स्टोअर असिस्टंट म्हणून थेट माझ्या हाताखाली काम केलं आणि आमचं रोजचं बोलणं होतं.

त्या आल्या तेव्हा आमच्या स्टॉकच्या नोंदी आणि प्रत्यक्ष माल यांत बरीच तफावत होती. त्यांनी स्वतःहून माल देण्याच्या खिडकीवर स्लिपबुक ठेवलं आणि रोज 10 आयटम मोजायला सुरुवात केली. मार्च 2022 मध्ये 412 पैकी 61 आयटमचा मेळ बसत नव्हता, मार्च 2023 मध्ये ही संख्या 33 वर आली. ऑक्टोबर 2023 मध्ये आम्ही बारकोड स्कॅनर घेतला, त्याच्याही मदतीनं मार्च 2025 मध्ये 430 पैकी 14 आयटम उरले.

ऑगस्ट 2024 च्या पुराआधी त्यांनी पावसाचा अंदाज बघून खालच्या रॅकवरचा नाजूक माल वर हलवला. पाणी खरोखरच त्या रॅकपर्यंत आलं. शेड उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी कोणत्या ऑर्डर पाठवता येतील याची त्यांनी दिलेली यादी आम्ही जशीच्या तशी वापरली.

सुरुवातीला कामं वाटून देणं त्यांना जड जात असे. शेवटच्या वर्षी त्यांनी दोन मदतनिसांना तयार केलं आणि 2025 चं स्टॉक टेकिंग त्या दोघांनी त्यांच्या देखरेखीखाली केलं. मोठी टीम त्यांनी अजून सांभाळलेली नाही, पण ज्या पद्धतीनं त्या शिकतात ते बघता त्या ती सांभाळतील असं मला वाटतं.

गेल्या 12 वर्षांत माझ्या हाताखाली स्टोअरमध्ये 9 जणांनी काम केलं, त्यांत नोंदींच्या अचूकपणात त्या पहिल्या आहेत. आमच्याकडे जागा असेल तर मी त्यांना पुन्हा घेईन. अधिक माहितीसाठी मला खालील नंबरवर दुपारी 3 ते 5 या वेळेत फोन करावा."

यातली पहिली दोन वाक्यं रुक्ष वाटतात पण ती काढू नका, तुम्ही कोण, किती काळ, किती जवळून बघितलं हे कळल्याशिवाय पुढचं कौतुक कोणाच्या तोंडचं तेच समजत नाही. आणि "सर्वोत्तम कर्मचारी" असं मोघम लिहिण्यापेक्षा किती जणांत आणि कशात ते लिहा, 9 जणांत आणि नोंदींत, छोटं वाटतं पण पटतं. सगळं एका पानात बसवा. मायेचं वाक्य एखादंच पुरे, माझ्या पत्रात ते "पुन्हा घेईन" हे होतं आणि मला विचाराल तर त्याच्याहून मायेचं वाक्य मॅनेजरला लिहिता येत नाही.

बाकीचं चटकन होतं. तारीख, तुमचा हुद्दा, चालू असलेला फोन नंबर, सही, मग स्कॅन करून पीडीएफ, वर्ड फाइल कधीच देऊ नका, त्यात कोणीही बदल करू शकतं. नोकरीसाठी असेल तर पत्र बहुतेक माणसाच्या हातातच देतात, पण परदेशी युनिव्हर्सिटीचं असलं तर ते पुष्कळदा तुमच्याच ईमेलवर लिंक पाठवतात आणि पत्र तिथंच चढवायचं असतं, म्हणून ऑफिसचा ईमेल द्या. नावाचं स्पेलिंग तिच्या आधारकार्डावरून तपासा, तारखा एचआरच्या एक्सपिरियन्स लेटरशी जुळवा, तिथं एका महिन्याचा जरी फरक निघाला तरी पडताळणीत अडकतं.

पत्राची एक कॉपी आणि तिन्ही मार्चच्या शीटचे फोटो मी एका फोल्डरमध्ये ठेवले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चाकणहून फोन आला. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "स्कॅनर यायच्या आधी 33 पर्यंत आणलं म्हणता, ते कसं?" मी फोल्डर उघडलं आणि दोरीनं बांधलेल्या स्लिपबुकापासून सांगायला सुरुवात केली.